दोन उत्तरं, एकच फलन

परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आले होते. प्रश्न एकच, बूलियन बीजगणितातली राशी सर्वांत सोप्या रूपात लिहिण्याचा, पण उत्तरं वेगळी. एकाचं उत्तर होतं A'B + B'C + C'A आणि दुसऱ्याचं AB' + BC' + CA'. इथे प्रत्येक चल 0 किंवा 1 असतं, A' म्हणजे A च्या उलट, शेजारी लिहिलेली चलं म्हणजे AND आणि + म्हणजे OR. दोन्हींत तीन पदं आहेत, पण एकही पद सामाईक नाही. साहजिकच दोघांनाही वाटत होतं की आपल्यापैकी एक जण चुकला आहे. आज मी एवढं एकच उदाहरण घेणार आहे.

सुरुवात सत्यता सारणीने करू, कारण तिच्यात चातुर्य लागत नाही. तीन चलांच्या 0-1 च्या सगळ्या जुळण्या म्हणजे आठ ओळी; 010 ही ओळ म्हणजे A = 0, B = 1, C = 0. पहिल्या उत्तरातलं A'B हे पद 010 आणि 011 या ओळींत 1 देतं, B'C हे 001 आणि 101 मध्ये, तर C'A हे 100 आणि 110 मध्ये. म्हणजे सहा ओळींत 1, आणि फक्त 000 व 111 या दोन ओळींत 0. आता दुसरं उत्तर. AB' हे 100 आणि 101, BC' हे 010 आणि 110, CA' हे 001 आणि 011. पुन्हा त्याच सहा ओळी! म्हणजे दोन्ही राशी समान आहेत, वाद मिटला. दोघांचीही राशी सांगते एवढंच, की तिन्ही चलं एकसारखी नाहीत.

पण सारणी फक्त निकाल देते. असं का झालं, ते के-मॅप दाखवतो, म्हणजे तीच सारणी शेजारच्या घरांत एकच चल बदलेल अशी चौकटीत मांडलेली. A च्या दोन ओळी घ्या आणि BC चे चार स्तंभ 00, 01, 11, 10 या क्रमाने.

```
 A\BC  00  01  11  10
  0     0   1   1   1
  1     1   1   0   1
```

आता 001 पासून बोट फिरवत चला: 011, 010, खाली 110, तिथून कडेवरून वळसा घालून 100, मग 101 आणि परत वर 001. सहाही 1 मिळून एक कडं तयार होतं. शेजारच्या दोन घरांचा गट केला की बदलणारं चल गळतं आणि एक पद उरतं. कड्यावर बसलेल्या सहा जणांच्या शेजारी-शेजारी जोड्या लावायच्या तर रीती दोनच. एका रीतीने लावल्या की पहिलं उत्तर, एक घर सरकून लावल्या की दुसरं. तीनपेक्षा कमी गटांत काम भागत नाही, कारण इथे चारचा गटच होत नाही. त्यामुळे दोन्ही उत्तरं सारखीच लहान आहेत. "सर्वांत सोपं रूप" एकच असतं, हा समज इथे मोडतो.

इथे होणारी नेहमीची चूक सांगतो. स्तंभ 00, 01, 10, 11 असे मोजणीच्या क्रमाने लिहिले, तर 001 आणि 010 शेजारी दिसतात. पण त्यांच्यात दोन चलं एकदम बदलतात, म्हणून तो गटच नाही. गट केल्यावर एकच चल बदलतंय ना, हे बघत जा.

बीजगणिताने सिद्ध करायचं असेल तर एक नियम पुरतो: XY + X'Z मध्ये YZ हे पद मिळवलं तरी किंमत बदलत नाही. कारण YZ जेव्हा 1 असतं तेव्हा Y आणि Z दोन्ही 1 असतात, आणि X काहीही असला तरी आधीच्या दोनपैकी एक पद 1 असतंच. आता पहिल्या उत्तरात A'B आणि B'C मधून CA' मिळतं, B'C आणि C'A मधून AB', C'A आणि A'B मधून BC'. म्हणजे पहिल्या राशीत दुसरी सगळी फुकट मिळवता येते. दुसरीपासून निघालो तर पहिलीही तशीच मिळते. दोन्हींचं सहा पदी रूप एकच, म्हणून त्या समान.

आणि हो, बीजगणितात दोन्ही बाजूंनी सारखं पद खोडू नका. A + AB = A हे खरं आहे, पण A खोडून AB = 0 म्हटलंत की फसलात.

दोन राशी समान नाहीत हे दाखवायला मात्र एक ओळ पुरते. कुणी C'A ऐवजी CA लिहिलं, तर 111 ला त्याची राशी 1 देते आणि आपली 0. पुढची आकडेमोड करायचं कारणच नाही. म्हणून संशय असेल तेव्हा मी आधी अशी ओळ शोधतो आणि ती सापडली नाही तरच सिद्धतेला बसतो. शिवाय वीस चलं असतील, तर सारणीत 10,48,576 ओळी होतात आणि के-मॅप तर त्याच्या खूप आधीच हातातून सुटतो.

शेवटी, प्रश्न नीट वाचा. 000 आणि 111 हे इनपुट कधी येणारच नाहीत असं त्यात म्हटलं असेल, तर त्या दोन घरांत आपण 1 धरू शकतो आणि सगळी राशी नुसती 1 होते. सारणीने तपासलं तर ती या दोघांच्या उत्तराशी समान नाही. त्या प्रश्नापुरतं मात्र ते उत्तर बरोबर आहे.