2450 बीपी म्हणजे नेमके कधी?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फळ्यावर एकच आकडा लिहिला आहे: 2450 ± 30 बीपी. उत्खननाच्या अहवालात असा आकडा दिसला की वाचणारा झटकन वजाबाकी करतो. बीपी म्हणजे 'बिफोर प्रेझेंट', आजपूर्वीची वर्षे, आणि त्याचे शून्य इ.स. 1950 ला धरलेले असते, म्हणून 2450 वजा 1950, उत्तर इ.स.पू. 500, आणि पुढेमागे तीस वर्षे. आजचे सगळे बोलणे ही वजाबाकी का चुकते याविषयी आहे. मुद्दाम हाच आकडा घेतला, कारण किरणोत्सारी कार्बनच्या कालमापनात याच्याइतका फसवा आकडा क्वचितच सापडतो.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. समजा, एका वस्तीच्या जमिनीत सातूचा जळका दाणा सापडला. आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल अशा धुलाईने त्याला चिकटलेले चुनखडीचे कण आणि मातीतली ह्युमिक द्रव्ये काढली. उरलेला कार्बन जाळून त्याचा वायू केला, वायूचे ग्रॅफाइट केले आणि ते त्वरक यंत्रात बसवले. यंत्र दाण्याचे वय मोजत नाही. ते कार्बन-14 चे कार्बन-12 शी असलेले गुणोत्तर मोजते आणि शेजारीच ठेवलेल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाणकाशी त्याची तुलना करते. या तुलनेतून निघणाऱ्या अपूर्णांकाला F म्हणू. आपल्या दाण्याचा F आला 0.7370, म्हणजे प्रमाणित 'आधुनिक' कार्बनच्या तुलनेत 73.7 टक्के कार्बन-14 यात आहे. आता सूत्र:

```
t = -8033 × ln(F)
ln(0.7370) = -0.3052
t = 8033 × 0.3052 ≈ 2451
```

अनिश्चिततेचे गणितही सोपे आहे. F मधली सापेक्ष चूक घ्या आणि तिला 8033 ने गुणा. कार्बन-14 चे सुमारे 80,000 अणू मोजले तर मोजणीची सापेक्ष चूक साधारण 0.35 टक्के येते. 8033 गुणिले 0.0035 म्हणजे 28 वर्षे. गोळाबेरीज करून लिहायचे 2450 ± 30.

हे 8033 कुठून आले? ही कालमापनाची पद्धत शोधणारे विलार्ड लिबी यांच्या काळी कार्बन-14 चे अर्धायुष्य 5568 वर्षे धरले जाई. त्याला ln 2 ने, म्हणजे 0.693 ने भागले की 8033 येते. पुढे अर्धायुष्य 5730 च्या जवळ असल्याचे कळले, पण प्रयोगशाळांनी सूत्रातला जुना आकडा ठेवला. विद्यार्थी विचारतात, चूक माहीत असून का ठेवली? कारण बीपी हा आकडा सगळ्यांनी एकाच रीतीने काढणे महत्त्वाचे होते. तोपर्यंत छापलेल्या हजारो तारखा एका मापाच्या, नव्या दुसऱ्या मापाच्या असे झाले असते तर गोंधळ उडाला असता. अंशांकन करताना, म्हणजे बीपीवरून कॅलेंडरची वर्षे काढताना, ही चूक आपोआप कशी निघून जाते ते थोड्या वेळाने येईलच.

भारतीय अहवाल वाचणाऱ्यांनी इथे एक काळजी घ्यावी. जुन्या अहवालांत काही तारखा 5730 च्या अर्धायुष्याने काढलेल्या असतात. तशी तारीख दिसली तर आधी 1.029 ने भागून ती मूळ मापात आणायची आणि मगच अंशांकनाला घ्यायची. तसे केले नाही तर आपला 2450 चा दाणा 2520 म्हणून आत जातो, आणि सत्तर वर्षांची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी काळजी धान्याची. सूत्रात घालण्यापूर्वी F ला कार्बन-13 च्या मापाने दुरुस्त करावे लागते. सातू, गहू, तांदूळ यांचे कार्बन-13 चे माप उणे 25 प्रति हजारच्या आसपास असते आणि प्रमाण म्हणून तोच आकडा ठरवलेला आहे. ज्वारी-बाजरी वेगळ्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांचे माप उणे 12 च्या जवळपास असते, म्हणजे त्या जड कार्बन जास्त ओढतात. कार्बन-13 मधला फरक 13 प्रति हजार असेल तर कार्बन-14 मधला फरक सुमारे दुप्पट, 26 प्रति हजार भरतो. 8033 गुणिले 0.026 म्हणजे 200 हून अधिक वर्षे. ही दुरुस्ती राहिली तर बाजरीचा दाणा त्याच चुलीतल्या सातूपेक्षा दोन शतकांनी तरुण ठरेल. महाराष्ट्रातल्या धान्याचे नमुने पाठवणाऱ्याने अहवालात हा रकाना भरलेला आहे का, ते सगळ्यात आधी बघावे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. सूत्राने एक गोष्ट गृहीत धरली आहे: दाणा कणसात भरत होता तेव्हा हवेत कार्बन-14 चे प्रमाण प्रमाणकाइतकेच होते. तसे नव्हते. कार्बन-14 वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे तयार होतो. सूर्य शांत असला की त्याचे चुंबकीय कवच ढिले पडते, जास्त वैश्विक किरण आत येतात आणि कार्बन-14 जास्त बनतो. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र कमजोर झाले तरी तेच होते. शिवाय समुद्र किती कार्बन शोषतो आणि किती परत सोडतो, यावरही हवेतले प्रमाण हलते. घड्याळाची गती बरोबर आहे, पण ते सुरू झाले तेव्हा काटा कुठे होता ते सूत्राला माहीत नाही.

ते कळते झाडांच्या वर्षवलयांवरून. कॅलिफोर्नियातले ब्रिसलकोन पाइन, युरोपातले ओक यांची वलये एकाला एक जोडून मोजली की प्रत्येक वलयाचे वर्ष ठाऊक होते. त्या वलयाच्या लाकडातला कार्बन-14 मोजायचा, त्याच 8033 च्या सूत्राने त्याचे बीपी काढायचे आणि आडव्या अक्षावर खरे वर्ष, उभ्या अक्षावर बीपी अशी रेषा काढायची. उत्तर गोलार्धासाठी सध्या वापरात असलेली रेषा 2020 साली प्रसिद्ध झाली, तिचे नाव इंटकॅल20. आता अर्धायुष्याच्या चुकीचे काय झाले ते बघा. वलयाचे बीपी चुकीच्या आकड्याने काढले, दाण्याचेही त्याच आकड्याने. आपण फक्त विचारतो, कोणत्या वर्षाच्या वलयात दाण्याइतकाच कार्बन-14 आज उरला आहे? 8033 दोन्ही बाजूंना असल्यामुळे चूक निघून जाते. बीपी हे वर्षांच्या रूपात लिहिलेले कार्बन-14 चे माप आहे. कॅलेंडरवरची वर्षे रेषा देते.

ही रेषा इ.स.पू. 800 ते 400 मध्ये विचित्र वागते. इ.स.पू. 800 च्या आसपास ती कड्यासारखी खाली उतरते: काही दशकांत बीपी शंभराहून जास्त आकड्यांनी घसरते. त्यानंतर इ.स.पू. 750 पासून 400 पर्यंत ती जवळजवळ आडवी, थोडी खालीवर होत राहते. या आडव्या भागाला युरोपातल्या लोहयुगीन संस्कृतीवरून 'हालश्टाट पठार' म्हणतात. पण हवा सगळ्या गोलार्धाची एकच, त्यामुळे हे पठार आपल्याकडेही तितकेच आहे.

पठार का तयार झाले? इ.स.पू. 800 च्या सुमारास सूर्य दीर्घकाळ शांत होता. हवेतला कार्बन-14 वाढला आणि इ.स.पू. 750 ला तो प्रमाणकापेक्षा सुमारे दोन टक्के जास्त होता. मग तो उतरत गेला आणि इ.स.पू. 400 च्या आसपास प्रमाणकापेक्षा सुमारे एक टक्का कमी झाला. म्हणजे साडेतीनशे वर्षांत तीन-साडेतीन टक्के घट. किरणोत्सारी क्षयाने तेवढ्याच काळात किती कार्बन-14 जातो? साधारण चार टक्के. इ.स.पू. 750 चा दाणा जास्त भांडवल घेऊन निघाला आणि जास्त काळ खर्च करत राहिला. इ.स.पू. 420 च्या दाण्याचे भांडवल कमी, पण खर्चाचा काळही कमी. आज दोघांच्या खिशात जवळपास सारखेच उरले आहे.

अंशांकनाचा प्रोग्राम हे हिशेबाने करतो. तो प्रत्येक वर्ष घेतो, त्या वर्षाचे रेषेवरचे बीपी आणि आपले 2450 यांतला फरक बघतो आणि मापनाची व रेषेची, दोन्ही अनिश्चितता धरून त्या वर्षाला वजन देतो. सगळ्या वर्षांची वजने मिळून एक होतील असे केले, की सर्वांत वजनदार वर्षे निवडत 95.4 टक्के भरेपर्यंत जायचे. ऑक्सकॅल नावाच्या अशा प्रोग्राममध्ये एवढेच लिहावे लागते:

```
R_Date("N-1", 2450, 30);
```

उत्तर येते साधारण इ.स.पू. 750 ते 410, मध्ये तुटलेले दोन-तीन तुकडे. याउलट कड्यावरचे 2600 ± 30 घातले तर उत्तर बहुतेक सगळे इ.स.पू. 820 ते 770 च्या मध्ये बसते. दोन्हींचे मापन सारख्याच तोलाचे, तरी एकाला पन्नास वर्षांची खिडकी आणि दुसऱ्याला साडेतीनशे वर्षांची.

मग जास्त वेळ मोजून चूक कमी करावी का? ± 30 चे ± 15 करायला चौपट अणू मोजावे लागतात, 80,000 ऐवजी 3,20,000. तेवढे करूनही पठार जागचे हलत नाही. रेषाच आडवी असेल तर बारीक मापालाही ती लांबवर छेदत राहते. आणि पट्ट्याचा मध्य घेऊन 'इ.स.पू. 580' असे लिहिणे तर सरळ चूक आहे. मधले वर्ष कडेच्या वर्षांपेक्षा जास्त शक्य आहे असे ही आकडेमोड म्हणतच नाही. अहवालात प्रयोगशाळेचा क्रमांक, अंशांकनाआधीचे बीपी, वापरलेल्या रेषेचे नाव आणि पूर्ण पट्टा द्यावा. रेषा पुढे सुधारली तर बीपीवरून कुणालाही हिशेब पुन्हा मांडता येतो.

महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात हे पठार नको तिथे आले आहे. घोड नदीकाठच्या इनामगावची उत्तर जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची वस्ती इ.स.पू. 700 च्या सुमारास संपली असे मानतात, आणि विदर्भातल्या लोखंड वापरणाऱ्या महापाषाणीय वस्त्यांचा बराच भागही याच शतकांत मोडतो. एक संपली तेव्हा दुसरी कुठवर आली होती, हा प्रश्न सुट्या तारखांनी सुटत नाही. दोन्हीकडून 2450 आले तर त्या समकालीन असतील किंवा त्यांच्यात तीन शतके असतील.

यातून वाट आहे, पण नमुना तसा मिळायला हवा. समजा, सागवानी खांबाचा जळका बुंधा मिळाला आणि त्याची वलये शाबूत आहेत. सागात वर्षाला एक वलय पडते. आतले एक वलय आणि त्याच्या बाहेर ऐंशी वलयांवरचे दुसरे, असे दोन नमुने मोजले:

```
D_Sequence()
{
  R_Date("inner", 2600, 25);
  Gap(80);
  R_Date("outer", 2455, 25);
};
```

बाहेरचे वलय एकटे असते तर पठारभर कुठेही बसले असते. पण त्याच्या बरोबर ऐंशी वर्षे आधीचे वलय कड्यावर, इ.स.पू. 800 च्या आसपास पक्के बसते आणि बाहेरच्यालाही सोबत ओढून इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात आणून ठेवते. आतले वलयही पठारावरच असेल तर एवढी मदत होत नाही. तेव्हा दर दहा वलयांनी नमुने घेऊन रेषेतल्या लहान चढउतारांशी जुळवणी करावी लागते.

ही तारीखही बाहेरच्या मोजलेल्या वलयाची आहे, खांब रोवल्याची नाही. साल किंवा तिच्या आतले फिकट लाकूड उरले नसेल, तर बाहेरची किती वलये जळून वा तासून गेली ते सांगता येत नाही, आणि जुन्या सागात ती कित्येक दशकांची असू शकतात. म्हणून खांबाचा तुकडा उचलताना सालीची बाजू आधी ओळखावी, तिच्यावर खूण करावी आणि शेजारच्या चुलीतले दाणे वेगळ्या पुडीत बांधावेत.