रबरी रिंग आणायला वर आलेली दोन माणसं

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला एका चौकशी अहवालाची गोष्ट सांगणार आहे. त्या अपघातात कुणाला खरचटलंही नाही. अशा घटनेला आमच्या कामात 'निअर मिस' म्हणतात, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. ड्रेनेजची लाइन टाकायला चर खणला होता. त्याची एक बाजू ढासळली, आणि त्या वेळी चरात कुणी नव्हतं. चार मिनिटांपूर्वी मात्र तिथं दोघे होते.

चर २.४ मीटर खोल आणि जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद होता. आत उभ्या असलेल्या माणसाचं डोकं जमिनीच्या बरंच खाली राहतं, आणि खाली वाकून काम करायचं तर त्याची पाठ भिंतीला घासते. दोघे जण पाइपाचा सांधा बसवत होते. सांध्यात घालायची रबरी रिंग चिरलेली निघाली, म्हणून दुसरी आणायला एक जण वर आला. एकट्यानं सांधा रेटता येत नाही म्हणून दुसराही मागोमाग आला. शिडी १२ मीटर अंतरावर होती, तिथपर्यंत दोघे चरातूनच चालत गेले. रिंगेचं पोतं उघडत असताना मागे धप्प आवाज झाला. काहीतरी जड आपटल्यासारखा एकच आवाज, असं दोघांनीही सांगितलं. वळून पाहिलं तर पाइप दिसेना.

मी पोचलो तेव्हा मुकादम चरात उतरायच्या बेतात होते, लेव्हल घ्यायचं यंत्र आत राहिलं होतं म्हणून. त्यांना मी हाताला धरून मागे ओढलं. एक बाजू पडली की उरलेल्या कडेला खालून आधार नसतो, आणि दुसरी ढासळण पहिलीपेक्षा लवकर येऊ शकते. पुन्हा सांगतो, एकदा माती पडली की तो चर आधीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. यंत्र तिथंच राहिलं. आम्ही कडेपासून तीन मीटरवर दोरी बांधली, जवळचं माती दाबायचं यंत्र बंद करायला लावलं आणि मगच वही काढली.

पहिलं काम मोजमाप. ढासळलेला भाग ३.५ मीटर लांब होता. वरून १.८ मीटर खोलीपर्यंतची माती सुटली होती आणि तिची जाडी सरासरी ६० सेंटिमीटर. तिन्ही आकडे गुणले की पावणेचार घनमीटरच्या थोडं वर जातं. अशी माती घनमीटरला साधारण पावणेदोन टन भरते. म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास माती त्या दोघांच्या जागेवर येऊन पडली होती. छातीपर्यंत जरी माती आली तरी माणूस गुदमरतो, कारण दर उच्छ्वासाला छाती आत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती सरकते. पुढचा श्वास घ्यायला छाती फुलवायची तर जागाच उरत नाही.

इथं एक सांगतो. मी घटनास्थळाचे फोटो काढतो, पण त्याआधी पेन्सिलनं हातानं चित्र काढतो. शाळेत चित्रकलेचा तास सगळ्यात आधी कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. काय आहे ते पाहून कागदावर उतरवायची सवय तिथंच लागते. त्या दिवशी मी पडलेल्या बाजूचं चित्र काढत होतो म्हणूनच थांबलो. दीड मीटर खोलीवर मातीतून एक निळा धागा लोंबत होता. पोत्याचा, प्लॅस्टिकचा. शेजारी विटेचे दोन तुकडे. आणि त्या थराचा रंग भुरकट, तर मागे उघड्या पडलेल्या मातीचा रंग घट्ट तांबूस. दोन रंगांमधली रेघ जवळजवळ सरळ उभी होती.

श्रोतेहो, जमिनीत दीड मीटरवर प्लॅस्टिक आपोआप जात नाही. ती जागा आधी कुणीतरी खणली होती आणि परत भरली होती. तो भराव होता. जुना भराव वरून जमिनीसारखाच दिसतो, गवतही येतं, पण मूळ मातीचा जो आपसातला चिकटपणा असतो तो एकदा खणल्यावर परत येत नाही. आमचा चर त्या भरावाला घासून गेला होता. एका बाजूला पोकळ चर, दुसऱ्या बाजूला मूळ माती, आणि मधे भरावाचा पातळ पडदा. तो रेघेवरून सुटला आणि सरळ खाली बसला.

दुपारी मी दोघांशी वेगवेगळं बोललो, ऑफिसात न बोलावता चराजवळच उभं राहून. खुर्चीवर बसवलं की माणूस जबाब देतो. जागेवर उभं केलं की तो हातानं दाखवतो. त्यातले जे वयानं मोठे होते त्यांना मी विचारलं, "मामा, सकाळी भिंतीत काही वेगळं वाटलं?" ते म्हणाले, "साहेब, बारीक खडे पडत होते. वाकलो की मानेवर टोचायचे. दोनदा कॉलर झटकली." मी विचारलं, "कुणाला सांगितलंत?" ते म्हणाले, "काय सांगणार? माती आहे, पडणारच."

ही कॉलर झटकल्याची गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. भिंतीतून दाणे सुटणं, कडेला समांतर भेग पडणं, भिंतीचं पोट फुगणं, तळाशी पाणी झिरपणं, यातलं काहीही दिसलं की आतल्या माणसानं आधी बाहेर यायचं आणि मग विचारायचं. आधी बाहेर, मग प्रश्न.

आणि भेग होतीच. आदल्या संध्याकाळी एका तरुण इंजिनिअरनं कामाच्या प्रगतीचा फोटो काढला होता. फोटो पाइपाचा होता, पण मोठा करून पाहिला तर मागे कडेपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर केसाएवढी रेघ दिसत होती, चराला समांतर. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीनं काढलेली माती नेमकी तिच्यावर पडली. म्हणजे ज्या पडद्याला आधार नव्हता त्याच्यावरच ओझं आलं आणि ओझ्याखाली खूणही झाकली गेली. ढिगाचा पायथा कडेपासून मोजला तर ३० सेंटिमीटर भरला.

आता अहवालाकडे येतो. पहिल्या मसुद्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'कारण: कामगारांचा निष्काळजीपणा. यापुढे काळजी घेण्यात यावी.' 'घेण्यात यावी' या शब्दांवर माझा जुना राग आहे. कुणी घ्यावी, कधी घ्यावी, घेतली हे कोण पाहणार, यातलं काहीच त्यात नसतं. सरकारी पत्रांतून हे वाक्य सगळीकडे पसरलं आहे आणि मराठीला त्यानं फार इजा केली आहे. करणाऱ्याचं नाव वाक्यात असलंच पाहिजे. असो, तो मसुदा मी बाजूला ठेवला.

अहवालात आम्ही दिसलेलं आणि अंदाजानं ठरवलेलं वेगळं लिहिलं. भराव, भेग, ढिगाचं अंतर, चराला टेकू नसणं, या चार गोष्टी मोजलेल्या किंवा फोटोत असलेल्या. माती दाबायचं यंत्र दहा मीटरवर काही मिनिटं आधी सुरू झालं होतं हे खरं, पण त्या हादऱ्यानंच माती सुटली हे सिद्ध करता येत नाही. म्हणून ते 'शक्य आहे' या सदरात गेलं, कारणांत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी एका प्रश्नावर घालवला. टेकू का नव्हते? फळ्या आणि टेकू साइटवर होते, चाळीस मीटरवर रचून ठेवलेले. पहिल्या टप्प्यात ते लावलेही होते. मुकादमांना विचारलं तर आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "पाइप सहा मीटरचा आहे साहेब. आडवे टेकू दीड-दीड मीटरवर. पाइप उतरवायचा कुठून?" ते रोज दोन-तीन टेकू काढायचे, पाइप उतरवायचे, परत लावायचे. पुढे परत लावणं सुटलं. टेकूंचा आराखडा एकानं केला, पाइपाची लांबी दुसऱ्यानं ठरवली, आणि दोघांनी एकमेकांचा कागद पाहिला नाही. खरं मूळ इथं होतं. मुकादमांना बदललं असतं तर नव्या माणसानंही तेच टेकू काढले असते.

भरावाचंही तसंच. त्या जागी पूर्वी पाण्याची लाइन होती, ती उखडून नेली होती. जमिनीखालचे पाइप शोधायचं उपकरण फिरवलं होतं, पण पाइपच नाही तर ते काय दाखवणार? जुनी लाइन होती ती दुसऱ्या विभागाच्या नकाशावर, आणि तो नकाशा कुणी मागितला नव्हता.

सुधारणा कुठल्या केल्या? काम थांबवलं आणि ढीग समोरच्या बाजूनं, लांबून उचलला. नंतर सहा मीटरच्या पाइपाऐवजी तीन मीटरचे पाइप घेतले आणि चरात लोखंडी पेटी वापरायला सुरुवात केली. या पेटीला दोन बाजूंना पत्र्याच्या भिंती असतात आणि आडवे टेकू फक्त दोन टोकांना, म्हणून मधे पाइप उतरवायला मोकळी जागा मिळते. माणसं फक्त पेटीच्या आत काम करतात. यात तोटा आहे तोही सांगतो: सांधे दुप्पट झाले, गळतीची तपासणी लांबली आणि पाइप बसवणारे कुरकुरले. तो तोटा आम्ही अहवालात लिहून स्वीकारला. लपवला असता तर महिन्याभरात सहा मीटरचे पाइप परत आले असते.

कडेपासून एक मीटरवर फक्कीची रेघ मारली, ढीग तिच्या पलीकडे. रेघ यासाठी, की जेसीबीच्या चालकाला बसल्या जागेवरून दिसते, टेप घेऊन उतरावं लागत नाही. शिडी पेटीच्या आतच ठेवली. आणि पुढच्या मार्गावर आधी आडवे छोटे खड्डे घेऊन मातीचा रंग पाहायचा ठरला. हे काम त्या फोटो काढणाऱ्या इंजिनिअरच्या नावावर लिहिलं, तारखेसह. रोज सकाळी आणि पावसानंतर चर तपासून आत जायची परवानगी देणारा माणूसही नावानिशी ठरला, आणि काम थांबवायचा अधिकार त्याच्याकडे राहिला. उत्पादनाच्या साहेबांकडे तो ठेवला नाही.

सहा आठवड्यांनी मी न सांगता तिथं गेलो. पेटी होती, शिडी आत होती, फक्की पावसानं पुसट झाली होती पण ढीग लांब होता. दुसऱ्या विभागाचे नकाशे मात्र अजून आले नव्हते, म्हणून ती नोंद मी 'अपूर्ण' म्हणूनच ठेवली. मी उभा होतो तेवढ्यात मामा पेटीतून वर आले. मला म्हणाले, "साहेब, पुढच्या खड्ड्यात माती भुरकट लागलीय, बघा जरा." मी त्यांच्याबरोबर गेलो. एक मीटरच्या खाली विटेचा तुकडा होता.