हमीभाव जूनचा, सोयाबीन ऑक्टोबरचं

[दृश्य : कराड तालुक्यातल्या एका घराचं अंगण. ताडपत्रीवर पसरलेलं सोयाबीन. अनवाणी पायांनी दाणे खालीवर करणारा शेतकरी.]

ऑक्टोबर 2024. परतीच्या पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय. या अंगणात पसरलंय ते दोन एकरांचं सोयाबीन. मळणी परवा झाली. वीस क्विंटल उतरलं.

दाणा दाताखाली धरला तर कट्ट असा आवाज येत नाही, नुसता चेपतो. म्हणजे ओलावा जास्त आहे. ओलावा मोजायच्या यंत्रावर आकडा येतो 18 टक्के.

केंद्र सरकारनं या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव जूनमध्येच जाहीर केला होता, क्विंटलला 4,892 रुपये. आज बाजारात चार हजारांच्या आसपास सौदे होतायत. मग व्यापारी हमीभाव का देत नाही? गावात बसलं की हा प्रश्न हमखास निघतो.

कारण व्यापाऱ्याला तो देणं बंधनकारकच नाही. उसाची गोष्ट वेगळी. याच शिवारातल्या उसाला एफआरपी मिळते, ती कायद्यानं कारखान्याला द्यावी लागते. हमीभावाचं तसं नाही. कमी भावात घेणाऱ्याला तो कायद्यानं अडवत नाही. 'बाजारात कुणी एवढे दिले नाहीत तर आम्ही घेऊ,' एवढंच सरकार त्यातून सांगत असतं. म्हणजे हमीभावाला जोर येतो तो खरेदीमुळे. आता ही खरेदी नेमकी किती करावी लागते, ते बघू.

[दृश्य : फळ्यावर खडूनं लिहिलेले आकडे.]

एक बाजार धरू. खरे आकडे किचकट असतात, म्हणून हे आकडे हिशेबापुरते आहेत. या बाजारात कुणाचा हात नसताना भाव 4,000 ठरतो. शेतकरी 1,000 क्विंटल आणतात, तेलगिरण्या आणि पेंडवाले तेवढंच उचलतात. कुणाचं काही शिल्लक राहत नाही.

सरकारनं 5,000 हमीभाव लावला. चांगला भाव मिळणार म्हणून लोकांनी पेरा वाढवला आणि माल आला 1,200 क्विंटल. पण 5,000 नं घ्यायचं म्हटल्यावर गिरण्यांनी हात आखडला, त्या 800 वरच थांबल्या. उरले 400 क्विंटल. भाव 5,000 वर टिकवायचा तर हे चारशेच्या चारशे सरकारला घ्यावे लागतात. खर्च 20 लाख रुपये.

त्यातले शेतकऱ्याच्या खिशात किती उरले? आधी सगळ्या शेतकऱ्यांना मिळून 40 लाख मिळत होते, आता 60 लाख मिळाले. म्हणजे 20 लाख जास्त. पण वाढीव 200 क्विंटल फुकट उगवत नाहीत. जी जमीन सोयाबीनला तितकीशी बरी नाही, तीही पेऱ्याखाली आली, खतं आणि मजुरी वाढली. त्या दोनशे क्विंटलांवर 9 लाख गेले. पदरात पडले 11 लाख.

तिकडे गिरण्यांनी आधीही 40 लाखच मोजले होते, आताही 40 लाखच मोजले. माल मात्र 200 क्विंटल कमी मिळाला. तो माल त्यांना क्विंटलमागे चार ते पाच हजारांच्या मोलाचा होता, म्हणून हे नुकसान त्यांच्या बाजूनं 9 लाखांचं भरतं. थोडक्यात, तिजोरीतून 20 आणि गिरणीकडून 9 असे 29 लाख गेले, शेतकऱ्याला पोचले 11. मधले 18 लाख त्या 400 क्विंटलांत अडकलेत. तो माल गोदामात कुजला तर सगळेच्या सगळे गेले. पुढं 3,500 नं विकला तर 14 लाख परत येतात आणि खड्डा 4 लाखांवर येतो. बारदाना, हमाली, वाहतूक, गोदामाचं भाडं आणि सुकून होणारी घट यात धरलेली नाही.

[दृश्य : एका कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये खाद्य टाकणारे हात.]

गिरणी म्हटलं की मोठा शेठ डोळ्यासमोर येतो, आणि त्याचे नऊ लाख गेले तर गावात कुणाला वाईट वाटत नाही. पण सोयाबीन दळल्यावर त्यातून तेल थोडं आणि पेंड जास्त निघते. तेलाचा भाव गिरणीला मनासारखा वाढवता येत नाही, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. मग सगळा भार पेंडेवर येतो, आणि पेंड घेतो कोंबडीवाला. सांगली-साताऱ्यात शेताला जोड म्हणून शेड टाकलेली कितीतरी पोरं आहेत. 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्रानं 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीनवाला खवळला, पोल्ट्रीवाल्यानं सुटकेचा श्वास टाकला. कधीकधी ही दोन माणसं एकाच घरातली सख्खे भाऊ असतात.

2024 मध्ये उलटं झालं. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला. सोयापेंडेचा उठाव पडला, आणि सोयाबीनचाही.

[दृश्य : पुन्हा फळा. '400' हा आकडा पुसला जातो, तिथं '200' लिहिलं जातं.]

आता आपल्या हिशेबात एक बदल करू. हमीभाव ऐकून पेरा झाला, 1,200 क्विंटल घरात आले, आणि सरकारनं 400 ऐवजी 200 च घेतले. उरलेले हजार गिरण्यांनी उचलायचे तर त्या 4,000 च देणार. ज्यांचा माल सरकारी खरेदी केंद्रावर गेला त्यांना पाच हजार, बाकीच्यांना चार.

आणि सरकारनं काहीच घेतलं नाही तर? 1,200 चे 1,200 बाजारात येणार. एवढा माल गिरण्या फक्त 3,000 नं उचलतील. हमीभाव जाहीरच झाला नसता तर 4,000 मिळाले असते. घोषणेवर भरवसा ठेवून ज्यानं पेरलं, त्यालाच हजाराचा फटका बसला. म्हणून मला खरेदीचं वेळापत्रक भावाच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं. जूनचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. केंद्र कुठल्या तारखेला उघडणार, किती घेणार, हे कुणी विचारत नाही.

केंद्राच्या आधारभूत किंमत योजनेत खरेदीला मर्यादा असते, साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या एक चतुर्थांश. म्हणजे वरकड सगळं उचलण्याची हमी मुळात नाहीच. 2024 च्या त्या हंगामात महाराष्ट्रात नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्र सरकारच्या वतीनं खरेदी करणाऱ्या संस्थांसाठी सुमारे 11 लाख टनांची खरेदी झाली. राज्याच्या मानानं ती मोठीच होती, तरी बाजार हमीभावाला टेकला नाही.

[दृश्य : खरेदी केंद्र. चाळणी, काटा, शिवलेले कट्टे. यंत्राच्या पडद्यावर '14.6'.]

मग मर्यादेतला हा माल कुणाचा जातो? आधी नोंदणी लागते : आधार, बँक पासबुक, सातबारा आणि त्यावर सोयाबीनचा पीकपेरा. वाट्यानं जमीन कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. घाम त्याचा, पण नोंदणी मालकाच्या नावावर. त्यानंतर येतो ओलावा. नियम 12 टक्क्यांचा.

अंगणातल्या त्या सोयाबीनचा हिशेब करू. 18 टक्के ओलावा असलेल्या 100 किलोत कोरडा माल 82 किलो. वाळवून ओलावा 12 वर आणला की त्याच मालाचं वजन भरतं 93 किलो. 4,892 च्या दरानं त्या 93 किलोचे होतात साधारण साडेचार हजार. ओलं विकलं तर चार हजार. म्हणजे कागदावर 892 रुपयांचा दिसणारा फरक खरा साडेपाचशेचा आहे, आणि त्यातून गाडीभाडं जायचं. तो मिळवायला मोकळं खळं पाहिजे, ऊन पाहिजे, आणि पैशासाठी थांबायची ऐपत पाहिजे. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ.

काही व्यापारी याच फटीत शिरतात. चार हजारांनी ओलं घ्यायचं, वाळवायचं आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर घालायचं. हे ओळखणं अवघड नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि त्या तालुक्यात एकरी पडणारा उतारा यांचा गुणाकार करायचा. दीड एकराच्या नावावर तीस क्विंटल आलं असेल, तर ते त्या रानातलं नाही.

यावर एक उपाय सुचवला जातो. सरकारनं माल घ्यायचाच नाही, बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा करायचा. मध्य प्रदेशानं 2017 मध्ये 'भावांतर' नावानं तो करून बघितला. आपल्या बाजारात लावला तर 1,200 क्विंटल तीन हजारांनी विकले जातील आणि सरकारला क्विंटलमागे 2,000 म्हणजे 24 लाख द्यावे लागतील. तिजोरीवरचा भार 20 वरून 24 वर जातो, पण गोदाम नको, कुजणं नको, पेंडही स्वस्त. शेतकऱ्याला तेच 11 लाख. अडचण ही की मोजक्या व्यापाऱ्यांच्या बाजारात, फरक सरकार देणारच म्हटल्यावर, भाव आणखी पाडायला कुणाला भीती राहत नाही. खरेदी केंद्र चालू असलं की निदान ती तरी असते.

[दृश्य : संध्याकाळ. अंगणातली ताडपत्री अर्धी रिकामी.]

आपल्या शेतकऱ्यानं वीसातले बारा क्विंटल दिवाळीआधीच चार हजारांनी दिले. मळणी यंत्राचं भाडं, मजुरी आणि दुकानातली खताची उधारी थांबणार नव्हती. उरलेल्या आठांचा ढीग तो घेऊन पहिल्यांदा केंद्रावर गेला, तेव्हा यंत्रानं 14.6 दाखवलं आणि गाडी परत आली. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारनं ओलाव्याची मर्यादा 15 पर्यंत वाढवली. तोवर त्यानं रोज सकाळी पसरून, दुपारी पायानं उलटून, रात्री झाकून ओलावा बारावर आणला होता.

[दृश्य : काट्यावर कट्टे. सुतळीनं शिवणारे हात.]

पन्नास किलोचे चौदा कट्टे भरले. पंधराव्यात पाच किलो कमी पडले. एकूण सात क्विंटल पंचेचाळीस किलो, रक्कम 36,445 रुपये. ओलं दिलं असतं तर बत्तीस हजार आले असते. पावती घडी करून त्यानं खिशात ठेवली आणि काट्यावरच्या माणसाला विचारलं, पैसे कधी जमा होतील.