वासोट्याला निघण्याआधी: बामणोलीच्या कॅम्पवर आदल्या संध्याकाळी केलेलं बोलणं

या, पुढे या सगळे. मागं बसलेल्यांना जनरेटरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही.

उद्या सकाळी आठला आपली बोट सुटेल. शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायला तास-सव्वा तास लागतो. तिथं वनखात्याच्या चौकीवर नोंद होते, प्लास्टिक मोजलं जातं आणि मग चढाई. दोन-अडीच तासांत आपण वर. वासोटा काही अवघड किल्ला नव्हे. वाट मळलेली आहे आणि बरीचशी दाट झाडीतून जाते. तरी एवढं बोलायला बसलोय, कारण हा ऑक्टोबर आहे. सकाळी आभाळ असं निळं दिसतं की जॅकेट कॅम्पवरच ठेवावंसं वाटतं. दुपारपर्यंत ऊन तापतं, दमट हवा वर चढते आणि दोन-तीन वाजता ढग फुटतात. परतीचा पाऊस तो हाच. नुसता भिजवून गेला तर बिघडत नाही, पण तो विजा घेऊन येतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. जंगलात असताना वर फक्त पानं दिसतात, आभाळ दिसतच नाही. ढग कुठून आला, किती काळा आहे, काही कळत नाही. त्यामुळे तिथं डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवायचा. म्हणून ब्लूटूथचे स्पीकर आणि इअरफोन उद्या इथंच राहतील. कुरकुर करू नका, अभयारण्यात तसंही गाणी लावायला परवानगी नाही.

गडगडाट ऐकू आला की मोजायला लागायचं. वीज चमकली की एक, दोन, तीन... आवाज येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे तीसपर्यंत मोजलं तर वीज दहा किलोमीटरवर. दहा लांब वाटतात, पण पुढची वीज तिथंच पडेल असं नसतं. त्यामुळे आकडा तीस किंवा त्याखाली आला की वरचं काम संपलं, मग फोटो राहिला असला तरी. झाडीतून चमक दिसली नाही आणि नुसता गडगडाट आला, तरी नियम तोच.

समजा, पावणेबाराची वेळ आहे. आपण झाडीतून बाहेर पडून गडाच्या उघड्या भागाजवळ आलोय. माथा समोर दिसतोय, वीस मिनिटांचं काम आहे, आणि पूर्वेला गुरगुरलं. तुमच्यातले निम्मे म्हणणार, 'एवढं आलोय तर जाऊन येऊ.' तिथं आम्ही थांबवू आणि मागं वळवू. माथ्यावर आडोसा नाही, कडे आहेत, पडक्या भिंती आहेत. वर महादेवाचं देऊळ आहे, मारुती आहे, पण अशा लहान जुन्या बांधकामात विजेपासून सुटका होत नाही. कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी बसणं तर उघड्यावर बसण्यापेक्षा वाईट. खडकावरून धावणारी वीज तोंडावरची फट ओलांडताना माणसातून जाते. एकट्या उंच झाडाखाली नको हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पाऊस आला की पाय तिकडंच वळतात.

मग करायचं काय? उघड्यावरून खाली झाडीत यायचं, जिथं झाडं सारख्या उंचीची आहेत. बुंध्याला टेकायचं नाही. आणि इथं मात्र, दिवसभर आम्ही जे सांगत असतो त्याच्या उलट करायचं: पांगायचं. पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून, पण एकमेकांना दिसत राहतील असे उभे राहा. घोळका करून उभे राहिलात आणि वीज जवळ पडली, तर सगळेच एकदम आडवे. मग मदत कोण करणार? पाय जुळवून सॅकवर उकिडवे बसा, आडवे पडू नका. छत्री मिटलेली, काठी बाजूला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. मधे पुन्हा गडगडलं तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. कुणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला लागायचं. आमच्यातल्या सगळ्यांना ते येतं, पण आम्ही पोचेपर्यंत ज्याला येतं त्यानं सुरू करावं.

ढग आले नाहीत तरी साडेबाराला गडावरून परत फिरायचं. कुणी माथ्यावर पोचलेलं असो वा नसो. कारण खाली यायला दोन तास, परतीची बोट, आणि अंधारात कुणीही पाण्यावर नको. ऑक्टोबरात सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, पण झाडीत त्याआधीच अंधारून येतं. म्हणून दिवसाचा ट्रेक असला तरी बॅटरी प्रत्येकाजवळ पाहिजे. मोबाइलचा टॉर्च त्यात धरू नका. तिकडं रेंज नाही, ती शोधत बसून फोनची चार्जिंग संपते.

सामानात बाकी फार नाही. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. बूट घातलेले, सवयीचे हवेत. नवे कोरे घालून आलात तर उतरताना अंगठ्याची नखं काळी होतील. पाणी तीन लिटर, वर भरवशाचं पाणी नाही असं धरून चाला. एक कोरडा टीशर्ट आणि जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये. भिजल्यावर बोटीवरच्या वाऱ्यात माणूस कुडकुडायला लागतो, तेव्हा तो टीशर्ट आठवेल. जळवा अजून आहेत, मोज्यात पँट खोचा. चिकटलीच तर नखानं हळूच सोडवा, ओढू नका. गळ्यात शिट्टी, सगळ्यांच्या.

आता चालण्याबद्दल. पुढे वाटाड्या, मागे आमचा एक जण. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. वाटाड्याच्या पुढे आणि शेपटीच्या मागे कुणी नाही, इतकं सोपं. घोळ होतो तो मधे. दमलेले म्हणतात, 'तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो हळूहळू.' तिथं गट तुटतो. वर गेल्यावर एक वाट नागेश्वरच्या गुहेकडे फुटते. पुढचे दिसेनासे झाले की मागचे मळलेली दिसेल ती वाट धरतात, आणि चुकीची वाट पश्चिमेला कोकणाकडच्या उताराला लागते. म्हणून प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं आणि शेपूट डोळ्यांना दिसल्याशिवाय निघायचं नाही. चाल सगळ्यात सावकाश माणसाची. त्याचा राग येत असेल तर त्याच्या सॅकमधलं पाणी तुम्ही घ्या.

लघवीला जायचं तर मागच्याला सांगून जा आणि सॅक वाटेवरच ठेवा. सॅक दिसली की शेपूट तिथं थांबतो. लांब जाऊ नका, गवे आहेत, अस्वलं आहेत, पण दहा-बारा पावलांत काही होत नाही.

चुकलोच असं वाटलं तर जागेवर बसा. ओढ्यानं खाली उतरत गेलं की गाव लागतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सह्याद्रीत ओढा कड्यावरून खाली उडी मारतो. तीनदा शिट्टी, मिनिटभर थांबा, पुन्हा तीनदा. आम्ही ऐकलं की एकदा वाजवून उत्तर देऊ. उत्तर आलं म्हणून आवाजाच्या दिशेनं पळू नका, दरीत आवाज फिरतो. तुम्ही वाजवत राहा, आम्ही येऊ.

मघाशी एका ताईंनी विचारलं, गुडघा दुखतो, येऊ का? चढ जमेल, उतार त्रास देईल. उद्या सकाळी त्या धक्क्याच्या पायऱ्या दोनदा चढून उतरून बघा आणि मला सांगा. दमा, साखर, फीट, काही असेल तर आज रात्रीच मला एकट्याला गाठून सांगा, औषध कुठल्या खिशात आहे तेही. आता दोघा-दोघांच्या जोड्या करू. नवरा-बायको एका जोडीत नकोत; ते एकमेकांवर रुसून लांब लांब चालतात.