चार गोळ्या, तीस चौकटी

श्रोतेहो, नमस्कार. डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडली की हल्ली आपण पहिलं काय करतो? मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि मुलाला नाहीतर सुनेला पाठवून देतो. मग तिकडे कुणीतरी तो फोटो मोठा करून वाचतं आणि औषधांचा तक्ता बनवतं. सकाळी ही गोळी, दुपारी ती, रात्री अमुक. चांगली सोय आहे. पण फोटोवरून तक्ता करताना एक चूक फार सहज होते, आणि ती सांगायला मला माझ्या मावशीची गोष्ट सांगावीच लागेल.

मावशी ठाण्यात नौपाड्याला राहते, मुलगा ऐरोलीला. मावशीला थायरॉइड आणि ब्लडप्रेशर जुनंच. गेल्या वर्षी बोटांचे सांधे सुजायला लागले, सकाळी उठल्यावर मूठच मिटेना. तपासण्या झाल्या, आमवात निघाला. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. थायरॉइडची गोळी, प्रेशरची गोळी, कॅल्शियम, आणि दोन नव्या गोळ्या. एक मेथोट्रेक्सेट, 10 मिलीग्रॅम. दुसरी फॉलिक ॲसिड, 5 मिलीग्रॅम. एक महिन्याचं औषध.

मावशीनं घरी येऊन चिठ्ठीचा फोटो काढला. चिठ्ठी डाव्या हातात, मोबाइल उजव्या हातात. डाव्या हाताचा अंगठा आला चिठ्ठीच्या कडेवर. फोटो गेला ऐरोलीला. भावानं रात्री जागून तक्ता केला, छापला आणि शनिवारी स्वतः येऊन फ्रिजला लावला. ठसठशीत अक्षर, तीस दिवसांच्या तीस चौकटी, गोळी घेतली की पेनानं खूण करायची. दोन्ही नव्या गोळ्या रोज सकाळी नाश्त्यानंतर. का? तर फोटोत त्या दोन्हींपुढे लिहिलेलं दिसत होतं, एक-शून्य-शून्य. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. वाचन बरोबर होतं. पण त्या आकड्यांच्या पुढे, अगदी कडेला, डॉक्टरांनी आणखी लिहिलं होतं. मेथोट्रेक्सेटपुढे ‘आठवड्यातून एकदा, रविवार’ आणि फॉलिक ॲसिडपुढे ‘बुधवार’. ते सगळं अंगठ्याखाली.

रविवारी मावशीनं दोन्ही गोळ्या घेतल्या, खूण केली. सोमवारी सकाळी नाश्ता झाला, डबा उघडला आणि ती थांबली. मला फोन. म्हणाली, “अगं, या पट्टीत आता तीनच गोळ्या उरल्यात. दुकानदारानं चारच कापून दिल्या होत्या. तक्त्यात तर तीस चौकटी आहेत. महिनाभर मी काय घेऊ?”

मी म्हटलं, “मावशी, गोळी खाली ठेव. बिल काढ.” बिलावर दोन्ही औषधांपुढे संख्या चार. मग तिनं मूळ चिठ्ठी काढली आणि मला वाचून दाखवली. ‘रविवार’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, रविवारची ती या आठवड्याची गोळी झाली, आता पुढच्या रविवारीच. फॉलिक ॲसिड बुधवारी.

श्रोतेहो, आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. एकदाच. ती चुकून रोज पोटात गेली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग होतो, जिवावर बेततं. माझ्या मावशीला त्या चार गोळ्यांनी वाचवलं. दुकानदारानं दहाची आख्खी पट्टी दिली असती, तर ती मोजायला थांबली नसती.

पट्टीवरून एक सांगते. दुकानात पट्टी कापतात ती अशी, की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. आपल्या हाती येतो तो मुका तुकडा. मला हे मुळीच पटत नाही. गिऱ्हाइकाला नाव आणि तारीख मिळायलाच हवी. मी तरी आता दुकानदाराकडून बिलावर दोन्ही नीट लिहून घेते, त्याशिवाय काउंटरवरून हलत नाही. आणि डॉक्टरांचं अक्षर! औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम 2016 साली झाला. तरी चिठ्ठ्या लावायला घरोघरी तज्ज्ञ लागतात.

असो, तक्त्याकडे येते. चिठ्ठी हातात धरून फोटो काढू नका. टेबलावर सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात, आणि चारही कोपरे फोटोत दिसले पाहिजेत. चारही कोपरे. मोबाइल फोटोतली अक्षरं आपोआप टाइप करून देतो, पण हाताच्या लिखाणात तो टिंब गिळतो. साडेसात मिलीग्रॅमचे पंचाहत्तर होतात. म्हणून प्रत्येक आकडा गोळीच्या पट्टीवर पडताळायचा. लागलंच नाही एखादं अक्षर, तर ती ओळ कोरी ठेवा आणि दवाखान्यात विचारा. अंदाजानं भरू नका.

मावशीचा नवा तक्ता आम्ही दोघांनी बसून केला, तो औषधांच्या नावानं नाही, तिच्या दिवसाच्या वेळांनी. सहा वाजता उठल्यावर पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. चहा सात वाजता, आधी नाही. चहा-बिस्किटं आधी झाली की ती गोळी अंगी नीट लागत नाही. (सकाळचा पहिला घोट पाण्याचाच असावा, हे माझं मत तर कितीतरी वर्षांचं आहे.) नऊला नाश्त्यानंतर प्रेशरची गोळी. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, दीड वाजता. ते सकाळी नको, कारण थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर लागतं. पहिल्या तक्त्यात दोन्ही सकाळीच होत्या, तेही तेव्हाच लक्षात आलं.

आणि आठवड्याच्या गोळ्या रोजच्या चौकटींत घातल्याच नाहीत. तक्त्याच्या खाली वेगळी पट्टी, लाल पेनानं, ‘फक्त रविवार’ आणि ‘फक्त बुधवार’. प्रत्येकीला चार चौकटी, तारखा घालून. मोबाइलचा गजरही तसाच, त्या त्या वारापुरता. दुखलं तर घ्यायची गोळी, जिच्यापुढे एस.ओ.एस. लिहिलेलं असतं, तिलाही चौकट द्यायची नाही. चौकट दिसली की माणूस ती भरायला बघतो.

मग शेवटी मोजणी. तक्त्यात एका औषधाच्या चौकटी किती, आणि बिलावर गोळ्या किती? थायरॉइड तीस, बिलावर तीस. कॅल्शियम तीस, तीस. मेथोट्रेक्सेट चार, बिलावर चार. आकडे जुळले नाहीत तर लगेच चिठ्ठी पुन्हा वाचायची. कधी दुकानात माल कमी असतो म्हणून गोळ्या कमी मिळतात, तेव्हा दुकानदाराला विचारलं की उलगडा होतो. पण विचारायचं पहिली गोळी घेण्याआधी.

डॉक्टर काही बदलतात तेव्हा भाऊ जुन्या तक्त्यावर खाडाखोड करत नाही. तो फाडतो, नवा छापतो आणि वर तारीख घालतो. आणि छापण्याआधी मावशीला फोन लावतो. मावशी पट्ट्या हातात घेऊन बसते, तो एकेक ओळ वाचतो, ती पट्टीवरचं नाव वाचते, मग म्हणते, “हं, पुढची.”

नमस्कार.