थीटा मिळतो तो गॅमाच्या बदल्यात: एका स्ट्रॅडलचा हिशोब

आज आपण एकच पोझिशन घेऊन बसणार आहोत आणि तिच्यातच चारही ग्रीक्स बघणार आहोत, कारण व्याख्या तुम्हाला पाठ असतात, डेल्टा म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलला तर प्रीमियम किती हलणार, गॅमा म्हणजे तो डेल्टा स्वतः किती बदलणार, वेगा म्हणजे आयव्ही, प्रीमियममध्ये धरलेली अस्थिरता, एक टक्क्याने बदलली तर किती फरक, आणि थीटा म्हणजे एक दिवस गेला की किती झिजणार. हे बरोबरच आहे. पण पोझिशन हातात असते तेव्हा हे चार आकडे एकमेकांत अडकलेले असतात आणि अडचण तिथे येते.

तर समजा, निफ्टी २४००० वर आहे, मंगळवारी बाजार बंद होताना तुम्ही पुढच्या मंगळवारच्या एक्स्पायरीचा २४००० चा कॉल आणि २४००० चा पुट दोन्ही विकले. शॉर्ट स्ट्रॅडल. आयव्ही १३ धरू, व्याज सोडून देऊ. कॉलचे साधारण १७२ आणि पुटचे १७२, म्हणजे ३४५ पॉइंट तुमच्या खात्यात आले. मी सगळं एका युनिटवर बोलतोय, लॉट साईझ एक्स्चेंज अधूनमधून बदलतं, तुम्ही तुमच्या लॉटने गुणून घ्या.

आता या पोझिशनचे आकडे बघा. डेल्टा जवळपास शून्य, कारण कॉलचा आणि पुटचा एकमेकांना कापतो. थीटा दिवसाला साधारण २५ पॉइंट, तुमच्या बाजूने. गॅमा ०.००१८, तुमच्या विरुद्ध. वेगा साडेसव्वीस, तोही विरुद्ध, म्हणजे आयव्ही १३ ची १४ झाली तर निफ्टी जागचा न हलता साडेसव्वीस पॉइंट गेले.

नव्या माणसाचा डोळा त्या २५ वर जातो. रोज २५ मिळतात, सात दिवस बसून राहिलं की झालं, असं वाटतं. तो ०.००१८ कोणी बघतच नाही कारण आकडा फार बारीक दिसतो. पण गॅमाचा तोटा हालचालीच्या वर्गाने वाढतो, हिशोब असा आहे:

```
तोटा ≈ 0.5 × gamma × (हालचाल)²
```

निफ्टी १०० पॉइंट हलला तर तोटा ९ पॉइंट, म्हणजे २५ मधले १५-१६ उरले. ३०० हलला तर तिप्पट तोटा होत नाही, नऊपट होतो, ८३ पॉइंट, आणि तुमचे २५ वजा केले तरी ५८ खिशातून गेले. मग मध्ये कुठेतरी एक हालचाल अशी असणार जिथे दोन्ही बरोबर सुटतात. ती काढली तर १६३ पॉइंट येते. आणि हा १६३ कुठून आला बघा, २४००० गुणिले १३ टक्के, भागिले ३६५ चं वर्गमूळ. म्हणजे आयव्ही १३ याचा अर्थच असा की बाजाराने दिवसाला अंदाजे १६३ पॉइंटची हालचाल किमतीत धरलेली आहे, आणि थीटा त्याच हालचालीचं भाडं आहे. गॅमा ज्याच्याकडे त्याने भाडं द्यायचं, गॅमा ज्याने दिला त्याने घ्यायचं. त्यामुळे "जास्त थीटा देणारी स्ट्रॅटेजी" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, गॅमा किती? जास्त थीटा म्हणजे एकतर जास्त गॅमा विकलाय नाहीतर आयव्ही जास्त आहे, तिसरं काही कारण नसतं.

आता डेल्टाकडे येऊ. बुधवारी निफ्टी १०० पॉइंट वर, २४१०० ला बंद झाला, आयव्ही तीच. तुमचा स्ट्रॅडल आता ३३० चा आहे, १५ पॉइंट नफा. पण डेल्टा शून्य राहिलेला नाही, तो उणे ०.२० झालाय, म्हणजे तुम्ही काहीही न करता २० टक्के शॉर्ट झालात. मंगळवारी तुमचं मत होतं की बाजार हलणार नाही, बुधवारी तुमच्या पोझिशनचं मत झालंय की बाजार पडावा. हे गॅमाने केलं. आता हेज करायचा असेल तर दर युनिटमागे ०.२० फ्युचर घ्यायचं, म्हणजे १००० युनिट विकले असतील तर साधारण २०० युनिटचं फ्युचर.

समजा घेतलं आणि गुरुवारी निफ्टी परत २४००० ला आला. स्ट्रॅडल आता २९२ चा, नफा ५३, पण फ्युचरवर २० गेले, हातात ३३. हेज केला नसता तर ५३ मिळाले असते, म्हणून माणूस म्हणतो हेज म्हणजे पैसे घालवणं. आणि एका अर्थाने खरंय, शॉर्ट गॅमावाल्याला नेहमी वर गेल्यावर विकत घ्यावं लागतं आणि खाली आल्यावर विकावं लागतं, हा गॅमाचा खर्चच असा हप्त्याहप्त्याने दिसतो. पण त्याच गुरुवारी निफ्टी २४४०० ला गेला असता तर? स्ट्रॅडल ४५२ ला, तोटा १०७, फ्युचरने ६० दिले, निव्वळ तोटा ४७. हेजने सरासरी नफा वाढत नाही, निकालांमधला पसारा कमी होतो, ३३ आणि उणे ४७ या दोन टोकांत राहता, ५३ आणि उणे १०७ मध्ये राहत नाही. कोणता पसारा आपल्या भांडवलाला झेपतो ते आधी ठरवायचं आणि त्यावरून हेज किती वेळा ते ठरतं. मी स्वतः दर दहा पॉइंटला हेज करण्याच्या विरुद्ध आहे कारण ब्रोकरेज, एसटीटी आणि बिड-आस्कमधला फरक यातच थीटा संपतो, डेल्टा एका ठरावीक मर्यादेबाहेर गेला, समजा ०.२०, तरच हात लावायचा. आणि हेही लक्षात ठेवा की रात्री गॅप पडला तर मधे हेज करायला संधीच नसते, सकाळी सव्वानऊला सगळी हालचाल एकदम अंगावर येते, वर्गाचा हिशोब पूर्ण लागतो.

आता वेगा, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण स्क्रीनवरचा डेल्टा इथे फसवतो.

स्क्रीन डेल्टा काढते तेव्हा धरून चालते की निफ्टी हलला तरी आयव्ही तीच राहणार. निफ्टीत असं होत नाही, बाजार पडतो तेव्हा आयव्ही बहुतेक वेळा वाढते आणि हळूहळू चढतो तेव्हा उतरते. आपल्याच पोझिशनमध्ये बुधवारी निफ्टी ३०० ने पडला तर नुसत्या गॅमा-थीटाने ५८ गेले, पण सोबत आयव्ही १३ ची १६ झाली तर आणखी ५५-६० जातात, म्हणजे तोटा दुप्पट. वर ३०० गेला असता तर हा दुसरा तुकडा आला नसता, कदाचित थोडं परतही मिळालं असतं. मग ही पोझिशन खरंच न्यूट्रल होती का? स्क्रीनवर डेल्टा शून्य, पण प्रत्यक्षात तुम्ही पडण्याला घाबरणारे, म्हणजे थोडे लाँगच होतात. म्हणून निफ्टीत स्ट्रॅडल विकणारे अनुभवी लोक स्क्रीनवरचा डेल्टा शून्यापेक्षा थोडा उणे ठेवतात. किती उणे, ते आयव्ही पडत्या बाजारात किती उडते या तुमच्या अंदाजावर आहे, त्याचा पक्का फॉर्म्युला नाही.

घेणाऱ्यांनाही वेगा असाच मारतो. ४ जून २०२४ आठवा, लोकसभेचा निकाल, निफ्टी एका दिवसात जवळजवळ ६ टक्के पडून २१८८४ ला बंद, इंडिया व्हीआयएक्स दिवसात ३१ च्या वर जाऊन आलेला आणि बंद होताना २६-२७. दुसऱ्या दिवशी निफ्टी ७३५ पॉइंट उसळला आणि व्हीआयएक्स १९ च्या आसपास उतरला. आता ४ तारखेला संध्याकाळी कोणी महिनाभराचा २३५०० चा कॉल घेतला असं धरा. मॉडेलमध्ये टाकून बघा, त्या दिवशीचे खरे भाव मी सांगत नाहीये, आयव्ही २६ ला तो कॉल साधारण १५३ चा आणि डेल्टा ०.१८. ७३५ गुणिले ०.१८ म्हणजे १३० च्या वर वाढायला हवा, गॅमा धरला तर अजून जास्त. पण दुसऱ्या दिवशी आयव्ही १९ धरली की भाव येतो १७३. बाजार ७३५ वर आणि कॉल २० पॉइंट वर! दिशा अगदी बरोबर होती, बाकी सगळं वेगापायी गेलं. असं झालं की लोक म्हणतात ऑपरेटरने प्रीमियम दाबला, पण हे सगळं आदल्या संध्याकाळीच आकड्यांत दिसत होतं, वेगा किती आणि आयव्ही नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर, एवढं बघायचं होतं.

इथे मला एकाने मघाशी विचारलं की मग महिन्याचा विकावा की आठवड्याचा. २४००० चा महिनाभराचा स्ट्रॅडल, तीच आयव्ही, साधारण ७१४ पॉइंट देतो, थीटा १२, गॅमा आपल्या आठवडी स्ट्रॅडलच्या निम्मा, पण वेगा ५५. म्हणजे महिन्याचा विकला की तुम्ही मुख्यतः आयव्ही विकली, आठवड्याचा विकला की मुख्यतः हालचाल विकली. आयव्ही महाग वाटत असेल, निकालानंतर उतरेल असं मत असेल, तर लांबचा. पुढचे चार दिवस बाजार शांत राहील एवढंच मत असेल तर जवळचा. मत एक आणि एक्स्पायरी दुसऱ्या मताची, असं फार होतं. आणि दोन्ही एक्स्पायऱ्यांचे वेगा सरळ बेरीज करू नका, बातमी आली की आठवड्याची आयव्ही पाच टक्के उडते तेव्हा महिन्याची एक-दोन टक्केच हलते.

शेवटचा दिवस राहिला. सोमवारी संध्याकाळी निफ्टी २४००० लाच असेल तर स्ट्रॅडल १३० चा उरतो. वेगा १० वर आलाय, आयव्हीची काळजी जवळपास संपली. पण गॅमा पहिल्या दिवसाच्या अडीच पटीहून जास्त झालाय. मंगळवारी पावणेतीनला, पाऊण तास उरलेला असताना, निफ्टी स्ट्राईकजवळ असेल तर ५० पॉइंटच्या हालचालीने डेल्टा शून्यावरून ०.५ च्या पुढे जातो, परत ५० खाली आला की पुन्हा शून्य. तेव्हा डेल्टा बघून फ्युचर घेत-विकत बसलं की दर खेपेला वर घेतलं आणि खाली विकलं असंच होतं, आणि उरलेलं प्रीमियम असतं जेमतेम ५०-५५ पॉइंटचं. त्यामुळे निफ्टी स्ट्राईकच्या आजूबाजूला घुटमळत असेल तर मी एक्स्पायरीच्या दुपारी हेज करत नाही, पोझिशनच बंद करतो, आणि पुढच्या आठवड्याचं विकायचं की नाही ते त्या दिवशीची आयव्ही बघून नव्याने ठरवतो.