आत किती, बाहेर किती

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. खांबाला टांगलेली सलाईनची 3 लिटरची पिशवी. कॅमेरा नळीवरून खाली येत पलंगाखालच्या युरोबॅगवर थांबतो. आतलं पाणी फिकट गुलाबी.]

निवेदन:
हे काका आपल्या कल्पनेतले आहेत, पण अशी रात्र प्रोस्टेटची ऑपरेशनं होणाऱ्या प्रत्येक वॉर्डाला माहीत असते. वय 68. दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झालेली. रात्री चार-पाच वेळा उठायचं, बाथरूममध्ये ताटकळायचं, आणि परत आल्यावर वाटायचं, झालीच नाही नीट. वयामुळे असेल म्हणून घरात कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एका पहाटे लघवी पूर्ण तुंबली, तेव्हा दवाखान्यात आले.

[दृश्य: कागदावर पेनने काढलेली आकृती. मूत्राशय, त्याखाली ग्रंथी, मधून जाणारा मार्ग.]

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या मार्गाभोवती बसलेली असते. तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची. वय वाढतं तशी ती मार्गाला लागून असलेल्या भागात वाढत जाते आणि मार्ग दाबते. ही वाढ कॅन्सरची नसते. गोळ्यांनी भागलं नाही, तर लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. या ऑपरेशनला टीयूआरपी म्हणतात. बाहेर टाका नाही, पट्टी नाही. म्हणून भेटायला आलेल्यांना वाटतं, काही झालंच नाही. आत मात्र एक ओली, कोरलेली पोकळी असते आणि तिच्यातून रक्त झिरपत असतं.

हे रक्त मूत्राशयात साचलं की गोठणार. गुठळ्या झाल्या की लघवीच्या मार्गातून मूत्राशयात घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, बंद. म्हणून रक्ताला गोठायला सवडच द्यायची नाही, सलाईनने सतत धुवत राहायचं. कॅथेटर त्यासाठीच तीन तोंडांचा असतो. एका तोंडाने आतला फुगा फुगवलेला, दुसऱ्याने सलाईन आत, तिसऱ्याने सगळं बाहेर.

[दृश्य: सिस्टर नळीवरची चकती अंगठ्याने फिरवते. थेंबांची धार वाढते.]

वेग किती ठेवायचा? इथे घड्याळापेक्षा रंगाला मान. बाहेर येणारं पाणी पातळ कोकम सरबतासारखं दिसलं तर ठीक. डाळिंबाच्या रसाकडे झुकायला लागलं की वेग वाढवायचा. वेग वाढवूनही लाल आणि दाटच राहिलं, तर सरांना फोन करायचा. फिकं होत गेलं की हळूहळू कमी करायचा.

रंग तर कोणीही बघेल. कौशल्य आहे ते हिशेबात.

[दृश्य: तक्ता. दोन रकाने. निळ्या पेनचे आकडे.]

रात्री 10 ते 1. आत गेलं 3000 मिली. बाहेर आलं 3350. वरचे 350 ही काकांची स्वतःची लघवी, म्हणजे तासाला शंभराच्या वर. छान चाललंय. युरोबॅग भरली म्हणजे लघवी भरपूर झाली, असं नातेवाइकांना वाटतं. भरलेल्या बॅगेत बहुतेक सलाईनच असतं.

1 ते 2. आत 1000. बाहेर 450.

सिस्टरचं पेन इथे थांबतं. पहिली शंका पलंगाशेजारी सतरंजीवर झोपलेल्या मुलावर. कारण बॅग भरलेली दिसली की नातेवाईक मोजमाप न करता ती बाथरूममध्ये रिकामी करून येतात आणि तक्ता खोटा पडतो.

«दादा, बॅग तुम्ही रिकामी केली का मध्ये?»

«नाही सिस्टर. तुम्ही सांगितल्यापासून हातच लावला नाही.»

म्हणजे तूट खरी आहे. 550 मिली आत अडकलंय, त्यात तासाभराची लघवी वेगळी. साडेसहाशेच्या आसपास. एवढ्याने धडधाकट माणसाचं मूत्राशयही तट्ट होतं.

[दृश्य: काका कूस बदलायचा प्रयत्न करतात. कपाळावर घाम.]

काका मघापासून म्हणतायत, लघवीला लागली आहे. मुलगा समजावतोय, बाबा, नळी घातलीय ना, तसंच वाटतं. त्याचंही चुकलेलं नाही. आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडावर टेकलेला असतो, त्यामुळे लागल्यासारखं बहुतेकांना वाटतं. पण काकांना संध्याकाळी वाटत होतं ते सहन होण्यासारखं होतं, आता ते निपचित पडू शकत नाहीत. नाडी 84 वरून 104 वर गेलीय.

सिस्टर चादर सरकवून बेंबीखाली हात ठेवते. घट्ट. गोल. कलिंगडासारखं.

आणखी एक खूण डोळ्यांसमोरच आहे. वरच्या पिशवीतले थेंब आपोआप मंदावलेत. आतला दाब वाढला की सलाईनही शिरेनासं होतं. नवीन मुलींचा हमखास घोळ इथेच होतो. थेंब मंदावले म्हणून त्या पिशवी आणखी उंच टांगतात किंवा चकती पूर्ण सोडतात. बाहेरची वाट बंद असताना वरून जोर लावला, तर मूत्राशय आणखी ताणलं जातं आणि पोकळीतलं रक्त थांबण्याऐवजी वाढतं.

म्हणून सिस्टर पहिल्यांदा चकती बंद करते. आत जाणारं सलाईन थांबलं.

मग नळी शरीरापासून बॅगेपर्यंत बोटांनी तपासते. मांडीखाली दबली आहे का? पीळ पडलाय का? युरोबॅगच काठोकाठ भरलीय का? पुष्कळदा गाडं इथेच अडलेलं असतं आणि काका नुसते कुशीवर वळले की पाणी धो धो सुटतं. आज नळी सरळ आहे, बॅग अर्धी रिकामी. नळीत मात्र काळपट लाल दोऱ्यासारखं काहीतरी अडकलंय.

[दृश्य: निर्जंतुक ट्रे. रुंद तोंडाची 50 मिलीची सिरिंज, सलाईनची वाटी, हातमोजे.]

निवासी डॉक्टरांना बोलावणं गेलं. वॉश कोणी द्यायचा, हे प्रत्येक रुग्णालयाच्या नियमावर ठरतं. इथे सिस्टरचं प्रशिक्षण झालंय आणि डॉक्टर शेजारी उभे आहेत. सिरिंजने 50 मिली सलाईन बेताने आत, आणि तितक्याच बेताने मागे ओढायचं. पहिल्यांदा काहीच येत नाही. दिलेलं परत येत नसेल, तर पुन्हा पुन्हा भरत राहायचं नाही. तिथे हात आवरावा लागतो, नळीची जागा बदलून पाहावी लागते, नाहीतर थेट युरोलॉजिस्टना उठवावं लागतं. दुसऱ्या खेपेला सिरिंजमध्ये जळूसारखी एक लांब गुठळी येते. तिच्या मागून आणखी दोन. मग पाणी.

काका डोळे मिटून म्हणतात, «सुटलो.»

वॉश द्यायचा तो गुठळ्या येणं थांबून पाणी मोकळेपणी आत-बाहेर होईपर्यंत. तो होऊनही सुटलं नसतं, तर कॅथेटर बदलायचा किंवा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन गुठळ्या काढायच्या, हा निर्णय युरोलॉजिस्टचा.

[दृश्य: दुसरा रुग्ण. चेहरा कळवळलेला, कॅथेटरच्या बाजूने चादर ओली.]

शेजारच्या पलंगावरच्या काकांनाही कळ येते आहे, नळीच्या कडेने गळतंही आहे. तरी गोष्ट वेगळी. त्यांचं पोट मऊ आहे, दोन कळांच्या मध्ये युरोबॅगेत पाणी नीट उतरतंय आणि तक्ता जुळतोय. हा मूत्राशयाचा पेटका. त्याला औषध आहे. मात्र आधी वाट मोकळी आहे याची खात्री, मग पेटक्याची गोळी. उलटं केलं तर तुंबलेलं मूत्राशय गोळीखाली झाकलं जातं.

[दृश्य: सकाळ. फिकं, जवळजवळ स्वच्छ पाणी. खांब रिकामा.]

तिसऱ्या दिवशी कॅथेटर निघाला. सिस्टरने मोजायचं भांडं हातात दिलं आणि सांगितलं, प्रत्येक वेळी यातच करायची, ओतायची नाही. सकाळी 180 मिली, थोडी जळजळ. नंतर 210. मग दीड तासात तीनदा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी जेमतेम 30.

मुलगा खूश. म्हणाला, बघा, आता सारखी होतेय.

सिस्टर भांडं बाजूला ठेवते, पडदा ओढते आणि म्हणते, «काका, जरा आडवे व्हा, पोट बघू.»